चाचणी पॉझिटिव्ह आली, मग आजार किती टक्के? नोट्समधलं सशर्त संभाव्यतेचं एक उदाहरण, सावकाश सोडवलेलं

वर्ग सुटल्यावर शहाद्याकडचा एक विद्यार्थी वही घेऊन माझ्या टेबलाशी उभा राहिला. आदल्या दिवशी मी बेजच्या प्रमेयावरचं एक उदाहरण नोट्समध्ये दिलं होतं, त्याचं उत्तर त्याला पटत नव्हतं. मी फळ्याकडे वळणार एवढ्यात तो हळूच अहिराणीत म्हणाला, "सर, मनी बहीनले पॉझिटिव्ह ऊनं. मंग तिले शे का नही शे?" बहिणीच्या आश्रमशाळेत सिकलसेलच्या तपासणीचं शिबिर झालं होतं. बोटातून रक्त काढलं, नळीतल्या द्रावणात टाकलं, द्रावण गढूळ झालं आणि यादीत तिच्या नावापुढे पॉझिटिव्ह लिहिलं गेलं. घरात दोन दिवस चूल नीट पेटली नव्हती.

म्हणून ते उदाहरण आम्ही पुन्हा पहिल्या ओळीपासून सोडवलं. ज्या क्रमाने सोडवलं त्याच क्रमाने इथे मांडतो. पदवीच्या पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र असलेल्या कुणालाही हे उदाहरण परीक्षेत भेटेलच. फक्त आजाराचं नाव आणि आकडे बदललेले असतील.

नोट्समधला मजकूर असा होता: एका लोकसंख्येत 2 टक्के लोकांना रोग आहे. रोग असलेल्यांपैकी 95 टक्के लोकांची चाचणी पॉझिटिव्ह येते. रोग नसलेल्यांपैकी 4 टक्के लोकांचीही चाचणी पॉझिटिव्ह येते. एका व्यक्तीची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तिला रोग असण्याची संभाव्यता काढा.

हे तिन्ही आकडे मी सरावासाठी घेतलेले आहेत. शिबिरातल्या चाचणीचे खरे आकडे म्हणून ते कुणी वापरू नयेत.

आधी घटना ठरवा, आकडे नंतर

विद्यार्थी पेन उघडतात आणि थेट 0.95 गुणिले काहीतरी सुरू करतात. त्याआधी एक काम आहे आणि निम्मी चूक तिथेच होते. D म्हणजे काय, हे पूर्ण वाक्यात लिहायचं. "D = रोग" एवढं लिहून भागत नाही.

सिकलसेलमध्ये तर हे फारच महत्त्वाचं आहे. शिबिरात जी चाचणी करतात तिला सोल्युबिलिटी टेस्ट म्हणतात. नळीत फॉस्फेटचं बफर असतं, त्यात तांबड्या पेशी फोडणारा पदार्थ आणि हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन काढून घेणारं सोडियम डायथायोनाइट असतं. ऑक्सिजन गेला की सिकल हिमोग्लोबिन, म्हणजे HbS, विरघळत नाही आणि द्रावण गढूळ होतं. नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह.

ही चाचणी फक्त एवढंच सांगते की रक्तात HbS आहे. ते आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आलं असेल तर माणूस वाहक असतो आणि बहुधा त्याला आयुष्यभर काही त्रास होत नाही. दोघांकडून आलं असेल तर तो रुग्ण. नळी दोघांच्याही रक्ताने गढूळ होते.

आता बघा, D = "व्यक्ती सिकलसेलची रुग्ण आहे" असं धरलं तर प्रत्येक वाहक हा खोटा पॉझिटिव्ह ठरतो. D = "रक्तात HbS आहे" असं धरलं तर तोच वाहक खरा पॉझिटिव्ह होतो. नळी तीच, रक्त तेच, पण 4 टक्क्यांच्या आकड्यात कोण मोजायचे हे D च्या व्याख्येवर अवलंबून राहतं. मी वहीत लिहून घेतलं:

D = व्यक्तीच्या रक्तात HbS आहे (वाहक असो वा रुग्ण).
D' = व्यक्तीच्या रक्तात HbS नाही.
T = चाचणी पॉझिटिव्ह आली.
T' = चाचणी निगेटिव्ह आली.

दिलेलं वाक्य उभ्या रेघेत बसवा

आता मजकुरातला एकेक आकडा चिन्हांत लिहायचा. P(T|D) मधली उभी रेघ "असलेल्यांपैकी" अशी वाचा. रेघेच्या उजवीकडे असतो तो गट, ज्याच्या बाहेर आपण बघायचंच नाही. डावीकडे असतं ते त्या गटात शोधायचं.

P(D) = 0.02, म्हणून P(D') = 0.98
P(T|D) = 0.95
P(T|D') = 0.04

विचारलं आहे: P(D|T).

P(T|D) आणि P(D|T) यांत नुसती अक्षरांची अदलाबदल दिसते, म्हणून पोरांना दोन्ही एकच वाटतात. मी वर्गात केळीवर उदाहरण देतो. रावेर तालुक्यातल्या शेतकऱ्यांपैकी केळी लावणारे किती, हा एक प्रश्न. महाराष्ट्रातल्या केळी लावणाऱ्यांपैकी रावेरचे किती, हा दुसरा प्रश्न. पहिल्याचं उत्तर मोठं आहे म्हणून दुसऱ्याचंही मोठं असेल असं रावेरचा माणूससुद्धा म्हणणार नाही, कारण यावल, चोपडा, शिवाय पार नांदेडपर्यंतच्या बागा दुसऱ्या प्रश्नाच्या गटात येतात. गट बदलला की भागाकाराचा छेद बदलतो.

"खोटे पॉझिटिव्ह 4 टक्के" असं मोघम वाक्य दिसलं तर तिथे थांबायचं. कशाच्या 4 टक्के? HbS नसलेल्यांच्या 4 टक्के असतील तर ते P(T|D') आहे. पॉझिटिव्ह आलेल्यांच्या 4 टक्के असतील तर ते P(D'|T) आहे, आणि मग उदाहरण सोडवायचं काही उरतच नाही, 1 मधून 0.04 वजा केले की झालं. आमच्या नोट्समध्ये "रोग नसलेल्यांपैकी" असं स्पष्ट आहे. जुन्या प्रश्नपत्रिकांत मात्र हे वाक्य इतकं आखडून लिहिलेलं सापडतं की दोन्ही अर्थ निघतात. अशा वेळी आपण कोणता अर्थ घेतला ते उत्तरात एका ओळीत लिहून टाकावं.

आणखी एक चूक इथेच होते. P(T|D) = 0.95 आहे, तेव्हा P(T|D') = 1 − 0.95 = 0.05 असं पुष्कळ जण लिहून टाकतात. एकातून वजाबाकी चालते ती रेघेच्या डावीकडे. HbS असलेल्यांपैकी 95 टक्के पॉझिटिव्ह, म्हणून त्यांच्यापैकीच 5 टक्के निगेटिव्ह: P(T'|D) = 0.05. HbS नसलेल्यांचं काय होतं हे या आकड्यातून कळत नाही. तो गट वेगळा, त्याची माहिती वेगळी द्यावी लागते.

दहा हजार माणसं उभी करा

सूत्राआधी माणसं मोजावीत असं माझं मत आहे. गुण सूत्राला मिळतात, पण सूत्र कुठे घसरलं हे माणसं मोजल्यावरच कळतं. 2 टक्के आणि 4 टक्के एकत्र आहेत, तर 100 माणसांवर अपूर्णांक येतील, म्हणून 10,000 घ्या.

10,000 पैकी HbS असलेले 2 टक्के, म्हणजे 200. उरलेल्या 9,800 जणांत ते नाही.

त्या 200 पैकी 95 टक्के, म्हणजे 190 जण पॉझिटिव्ह. 10 जण सुटले.

9,800 पैकी 4 टक्के, म्हणजे 392 जण पॉझिटिव्ह. 9,408 जण बरोबर निगेटिव्ह.

| | पॉझिटिव्ह | निगेटिव्ह | एकूण |
|---|---|---|---|
| HbS आहे | 190 | 10 | 200 |
| HbS नाही | 392 | 9,408 | 9,800 |
| एकूण | 582 | 9,418 | 10,000 |

इथे मी त्या मुलाला विचारलं, "तुझी बहीण या तक्त्यात कुठे आहे?" त्याने 190 वर बोट ठेवलं. मग जरा थांबून बोट 582 वर नेलं. तेच बरोबर होतं. तिच्याबद्दल आपल्याला एवढंच माहीत आहे की ती पहिल्या स्तंभात आहे, त्यातल्या कोणत्या ओळीत आहे ते माहीत नाही. पहिल्या स्तंभात 582 जण आहेत आणि त्यांपैकी 190 जणांत HbS आहे.

190 / 582 = 0.326, म्हणजे साधारण 33 टक्के.

पॉझिटिव्ह आलेल्या तिघांपैकी एकालाच खरोखर आहे, दोघांना नाही. चाचणी 95 टक्के जणांना पकडते, तरीही. कारण तक्त्यात समोर दिसतं: 4 टक्के हा भाग लहान असला तरी तो 9,800 चा भाग आहे, आणि 95 टक्के हा भाग मोठा असला तरी तो 200 चाच आहे.

आता तेच सूत्रात

परीक्षेत ओळी याच क्रमाने लिहाव्यात. आधी छेद, कारण त्याला स्वतंत्र गुण असतात:

P(T) = P(D)·P(T|D) + P(D')·P(T|D')
P(T) = 0.02 × 0.95 + 0.98 × 0.04
P(T) = 0.0190 + 0.0392 = 0.0582

मग बेजचं प्रमेय:

P(D|T) = P(D)·P(T|D) / P(T) = 0.0190 / 0.0582 ≈ 0.326

तक्त्याशी ताडून बघा. 0.0190 म्हणजे 10,000 पैकी 190, 0.0392 म्हणजे 392, आणि 0.0582 म्हणजे 582. सूत्रात नवीन काहीच नाही, फक्त माणसांच्या जागी त्यांचे दशांश आहेत. म्हणून दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर चूक सूत्रात बसवताना झाली असं समजावं. ज्या थॉमस बेजचं नाव या प्रमेयाला आहे तो 1761 मध्ये वारला. त्याचा निबंध त्याच्या कागदांतून काढून रिचर्ड प्राइस या मित्राने 1763 मध्ये छापवून आणला.

शेवटी उत्तराचं वाक्य लिहायचं: "चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या व्यक्तीच्या रक्तात HbS असण्याची संभाव्यता सुमारे 0.326 आहे." हे वाक्य लिहिताना "पॉझिटिव्ह आलेल्या" हे शब्द आपोआप आले तर समजा गट डोक्यात नीट बसला आहे.

0.96 आलं तर कुठे चुकलं

पेपर तपासताना या उदाहरणाला दोन चुकीची उत्तरं पुन्हा पुन्हा दिसतात. एक म्हणजे सरळ 0.95. ते P(T|D) च उत्तर म्हणून उतरवलेलं असतं.

ही चूक फक्त आपल्या पोरांची नाही. 1978 साली हार्वर्डच्या शिकवणी रुग्णालयांतल्या 60 डॉक्टर-विद्यार्थ्यांना असाच प्रश्न विचारला होता: रोग हजारात एकाला, खोटे पॉझिटिव्ह 5 टक्के, पॉझिटिव्ह आलेल्याला रोग असण्याची शक्यता किती? अपेक्षित उत्तर सुमारे 2 टक्के होतं. ते 11 जणांनी दिलं. सर्वांत जास्त आलेलं उत्तर होतं 95 टक्के. आता त्या प्रश्नातही एक उणीव होती, हे मला वर्गात सांगायला आवडतं: चाचणी रोग्यांपैकी किती जणांना पकडते हे दिलेलंच नव्हतं. सगळ्यांना पकडते असं मनाशी धरल्यावरच 2 टक्के येतात.

दुसरं चुकीचं उत्तर 0.96. ते असं येतं:

0.95 / (0.95 + 0.04) = 0.95 / 0.99 ≈ 0.96

पोराने बेजचं सूत्र आठवलं, वर-खाली मांडलं, पण 0.02 आणि 0.98 ने गुणायचं राहिलं. ही चूक मला उपयोगाची वाटते. गुणायचं विसरणं म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच आकडा धरणं, म्हणजेच P(D) = P(D') = 0.5 मानणं. विद्यार्थ्याने नकळत असं गृहीत धरलं की चाचणीआधी त्या व्यक्तीत HbS असण्याची शक्यता नाणेफेकीइतकी होती. आपल्या उदाहरणात ती 2 टक्के आहे, म्हणून उत्तर चूक. पण ज्या माणसाच्या बाबतीत ती खरोखर 50 टक्के असेल, त्याच्यासाठी हेच 0.96 बरोबर ठरेल. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

2 टक्के कुणाचे?

तक्ता झाल्यावर त्या मुलाचा चेहरा जरा सैल झाला. "म्हणजे सर, 67 टक्के नाहीच म्हणायचं ना?" मला घाईने हो म्हणता आलं नाही, कारण 0.02 हा आकडा त्याच्या बहिणीचा नव्हता, माझ्या नोट्सचा होता.

चाचणीचे दोन आकडे, 0.95 आणि 0.04, नळीबरोबर प्रवास करतात. नळी जळगावच्या बाजारपेठेत उघडा किंवा धडगावच्या पाड्यावर, ते साधारण तेच राहतात. P(D) मात्र ज्या लोकांची तपासणी चालली आहे त्यांच्याबरोबर बदलतो. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा वस्त्यांत सिकलसेलचं जनुक सपाटीवरच्या मिश्र वस्तीपेक्षा जास्त आढळतं, आणि 2023 च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा रोखही आदिवासी भागावर आहे, तो याचमुळे.

हिशेबापुरतं समजा, एखाद्या वस्तीत P(D) = 0.20 आहे. पुन्हा 10,000 माणसं. HbS असलेले 2,000, त्यांतले पॉझिटिव्ह 1,900. नसलेले 8,000, त्यांतले पॉझिटिव्ह 320. एकूण पॉझिटिव्ह 2,220.

1,900 / 2,220 ≈ 0.856

तीच नळी, पण आता सातांपैकी सहा पॉझिटिव्ह खरे. उलट P(D) = 0.002 असेल तर 19 खरे आणि सुमारे 399 खोटे, म्हणजे 100 पॉझिटिव्ह आले तर खरे चार-पाचच. एका गावात "ही चाचणी चांगली आहे" आणि दुसऱ्या गावात "ही चाचणी फसवी आहे" असं लोक बोलतात, तेव्हा दोन्हीकडचे अनुभव खरे असू शकतात.

खोटे पॉझिटिव्ह येतात कशाने, हेही त्याने विचारलं. रक्तात चरबी फार असली, ग्लोब्युलिन नावाची प्रथिनं वाढलेली असली किंवा तांबड्या पेशींचं प्रमाण फार जास्त असलं तर HbS नसतानाही द्रावण गढूळ दिसू शकतं. उलट्या बाजूला, सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भातलंच हिमोग्लोबिन अजून जास्त असल्याने HbS असूनही नळी स्वच्छ राहू शकते. अंगात रक्त फार कमी असलं किंवा नुकतंच दुसऱ्याचं रक्त चढवलेलं असलं तरीही तसंच होतं.

पुन्हा तीच चाचणी केली तर?

"मग सर, परत एकदा करून घेऊ?" हा त्याचा पुढचा प्रश्न. नोट्समध्ये दुसऱ्या चाचणीचा भाग मी सरावासाठी सोडला होता, तो इथे करू.

पहिल्या चाचणीनंतर आपल्याकडे 582 पॉझिटिव्ह उरले: 190 खरे, 392 खोटे. आता चाचणीआधीची संभाव्यता 0.02 राहिली नाही, 0.326 झाली. या 582 जणांची पुन्हा चाचणी केली आणि दुसरी चाचणी पहिलीवर अवलंबून नाही असं धरलं तर 190 चे 95 टक्के, म्हणजे सुमारे 181, आणि 392 चे 4 टक्के, म्हणजे सुमारे 16.

181 / (181 + 16) = 181 / 197 ≈ 0.92

पुस्तकी उत्तर हेच. पण "अवलंबून नाही" हे शब्द नीट वाचा. दोनदा खोटं पॉझिटिव्ह येण्याची संभाव्यता 0.04 × 0.04 धरायला खोट्याचं कारण दर वेळी नव्याने घडलं पाहिजे. ज्याच्या रक्तात चरबीच जास्त आहे, त्याचं रक्त आज नळी गढूळ करेल, उद्याही करेल. समजा 392 पैकी 294 जणांचं कारण असं रक्तातच बसलेलं आहे आणि उरलेल्या 98 जणांत नळी हाताळताना चूक झाली. दुसऱ्या वेळी ते 294 पुन्हा पॉझिटिव्ह येतील, 98 मधला एखादाच येईल.

181 / (181 + 295) ≈ 0.38

92 टक्क्यांवरून 38! एका नळीने एवढा फरक पडत नाही, गृहीतकाने पडतो. उदाहरणात "दोन्ही चाचण्या परस्पर स्वतंत्र आहेत" असं लिहिलेलं असलं तर खुशाल गुणाकार करा. तरी नीट बघितलं तर हवं आहे ते D माहीत असतानाचं स्वातंत्र्य: P(T1 ∩ T2|D') = P(T1|D')·P(T2|D'), आणि तसंच D साठी. कोणतीही अट न घालता बघितलं तर T1 आणि T2 स्वतंत्र असूच शकत नाहीत, कारण पहिली पॉझिटिव्ह आली की D ची शक्यता वाढते आणि तिच्याबरोबर दुसरी पॉझिटिव्ह येण्याचीही. तोंडी परीक्षेत मी हा प्रश्न हमखास विचारतो.

म्हणूनच शिबिरात पॉझिटिव्ह आलेल्याची तीच नळी पुन्हा गढूळ करून बघत नाहीत, रक्त इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीला पाठवतात. त्या तपासण्या द्रावणाचा गढूळपणा बघत नाहीत, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून कोणता किती आहे ते दाखवतात. गढूळपणाची कारणं तिथे लागू होत नाहीत. शिवाय माणूस वाहक आहे की रुग्ण, हेही तिथेच कळतं. सुरुवातीला D ची व्याख्या करताना जो प्रश्न आपण बाजूला ठेवला होता त्याचं उत्तर सोल्युबिलिटी टेस्टच्या कोणत्याही गणितातून निघत नाही.

घरातली एक माहिती

वही मिटता मिटता तो म्हणाला, "आईची तपासणी झाली होती ना मागे, जिल्ह्याच्या दवाखान्यात. ती वाहक निघाली होती." हे त्याला गणितातलं वाटलंच नव्हतं, म्हणून आधी सांगितलं नव्हतं.

आता पुन्हा पहिल्या पायरीवर. आई वाहक आहे, आणि वडिलांत हे जनुक नाही असं तूर्त धरू. आईच्या दोन जनुकांपैकी एक HbS चं, त्यांपैकी एकच मुलीकडे येतं, म्हणून चाचणीआधीच P(D) = 0.5. म्हणजे पेपरात चुकीचं ठरणारं ते उत्तर तिच्यासाठी बरोबर:

P(D|T) = (0.5 × 0.95) / (0.5 × 0.95 + 0.5 × 0.04) = 0.475 / 0.495 ≈ 0.96

33 टक्क्यांवर सैल झालेला त्याचा चेहरा पुन्हा आवळला. मी त्याला D ची व्याख्या परत वाचायला लावली: HbS आहे, वाहक असो वा रुग्ण. वडिलांत जनुक नसेल तर मुलगी फार तर वाहक असेल, रुग्ण नाही. म्हणजे सगळ्यात आधी वडिलांची तपासणी हवी. 96 टक्के हा आकडा भीतीचा की निवांतपणाचा, हे वडिलांच्या अहवालावर ठरणार होतं.

पंधरा दिवसांनी वडिलांचा आणि बहिणीचा अहवाल आला. वडिलांच्या रक्तात HbS नव्हतं. बहिणीच्या रक्तात दोन्ही प्रकार होते, साधं जास्त आणि HbS कमी. वाहक.

त्याच शिबिरात दहा वर्षांच्या धाकट्या भावाचीही नळी झाली होती. ती स्वच्छ राहिली, म्हणून घरात कुणी त्याचा विषय काढला नव्हता. ते गणित मी त्याला घरी करायला दिलं. तुम्हीही आधी स्वतः करून बघा. विचारलंय P(D|T'), म्हणजे निगेटिव्ह आलेल्यांपैकी HbS असलेले किती. नोट्समधल्या लोकसंख्येत ते 10 / 9,418 होते, म्हणजे साधारण 940 निगेटिव्हमागे एक. भावासाठी मात्र P(D) = 0.5:

P(D|T') = (0.5 × 0.05) / (0.5 × 0.05 + 0.5 × 0.96) = 0.025 / 0.505 ≈ 0.05

दुसऱ्या दिवशी त्याने वही दाखवली. उत्तराच्या ओळीखाली त्याने पेन्सिलीने लिहिलं होतं: "वीसात एक. धाकल्यालेबी एचपीएलसीले लई जानं."